खाड्याचा हिशेब आधी, पुडीचा भाव नंतर

प्रश्न : आमच्या आणि शेजारच्या दोन सोसायट्यांत रोज पूजेची फुले घरपोच द्यायची मासिक योजना काढायचा विचार आहे. मार्केट यार्डातून फुले आणायची तयारी आहे. महिन्याला किती रुपये ठेवावेत? लोक गावी गेले, मध्येच नको म्हणाले, तर पैसे परत द्यायचे का? की ‘एकदा भरले ते भरले’ असा नियम करावा?

उत्तर :

मी कोथरूड-कर्वेनगर भागात अकरा वर्षे फुलपुडी देते आहे. सध्या ११० घरे आहेत. तुम्ही भाव आणि रद्द करण्याचा नियम असे दोन प्रश्न वेगवेगळे विचारलेत. या धंद्यात ते वेगळे करता येत नाहीत. पुडीचा भाव ठरतो तो खाड्यांवर, फुलांच्या दरावर त्या मानाने कमी. दूधवाल्याच्या हिशेबात असतो तोच हा खाडा. फरक एवढाच की, उरलेल्या दुधाचे तो दही लावतो, आपल्या उरलेल्या फुलांचे निर्माल्य होते.

आधी एका पुडीचा खर्च. हे माझ्या वहीतले वर्षाच्या सरासरीचे आकडे आहेत, तुमचे थोडे इकडेतिकडे होतील. झेंडू, शेवंती, बिजली, अ‍ॅस्टर अशी सुटी फुले मिळून साधारण ५० ग्रॅम, ती पडतात ४ रुपयांना. एक साधा गुलाब २ रुपये. दूर्वा, तुळस, बेल यांचा १ रुपया. कागद-दोरा ५० पैसे आणि निवडताना बाहेर काढाव्या लागणाऱ्या फुलांचे ५० पैसे. असे ८ रुपये झाले. हा खर्च पुडी बांधली तरच होतो.

दुसरा खर्च पुडी बांधा किंवा न बांधा, होतोच. पहाटे पुड्या बांधायला दोन बायका येतात, त्यांचे महिन्याचे ८,००० रुपये. वाटणाऱ्या मुलाचा पगार आणि पेट्रोल मिळून ७,५००. गुलटेकडीच्या मार्केट यार्डाच्या फेऱ्या २,४००. मोबाईल, टोपल्या, सुतळी वगैरे १,५००. एकूण १९,४००. ११० घरे गुणिले ३० दिवस म्हणजे ३,३०० पुड्या, तेव्हा पुडीमागे जवळजवळ ६ रुपये. म्हणजे पुडी पडली १४ रुपयांना. ती २० ला दिली, महिन्याला ६०० घेतले, तर पुडीमागे ६ रुपये सुटतात आणि महिन्याचे १९,८०० होतात. यात माझे स्वतःचे पहाटे चारला उठणे धरलेले नाही, ते याच पैशात.

आता एक खाडा घ्या. ग्राहकाने आदल्या दिवशी सांगितले, मी त्या पुडीचे २० रुपये वजा केले. माझे वाचले किती? फक्त फुलांचे ८. मुलगा त्याच जिन्याने चढणार, बायका तितक्याच वेळ बसणार. म्हणजे एका खाड्याला १२ रुपये गेले, दोन पुड्यांचा नफा. दहा टक्के खाडे झाले तर ३३० पुड्यांचे ३,९६० रुपये जातात, म्हणजे विक्री दहा टक्क्यांनी घटली आणि कमाई वीस टक्क्यांनी. मे महिन्यात शाळांना सुट्टी लागली की तिसरा हिस्सा दारे बंद असतात. त्या महिन्यात याच हिशेबाने १९,८०० चे ६,६०० उरतात. पहिल्या मे महिन्यात मला हे कळेना. फुले स्वस्त नव्हती पण महागही नव्हती, ग्राहक कोणी सोडलेले नव्हते, तरी हातात काही नाही. रात्री वही उघडून खाडे मोजले तेव्हा उजेड पडला.

मग दुसऱ्या टोकाला गेले. खाडा माफ नाही, महिना म्हणजे महिना. हे एक महिनाही टिकले नाही. पुण्यात तुम्ही कोणाला न दिलेल्या पुडीचे पैसे लावून बघा! भांडण कोणी केले नाही, पण लोक ‘गावी जाणार’ म्हणायच्या ऐवजी ‘तूर्त बंद करा’ म्हणू लागले आणि परत सुरू करायचे विसरू लागले. शिवाय सुतक-सोयराचा प्रश्न आहे. ज्या घरात दहा-तेरा दिवस देवपूजाच बंद आहे तिथे पैसे कसे मागणार? तोंडच उघडत नाही.

शेवटी उलटा हिशेब केला. दहा टक्के खाडे होणारच, ते सगळे पूर्ण भावाने सोडायचे आणि तरीही महिन्याची कमाई तेवढीच राहायला हवी, तर भाव किती हवा? ३,३०० पैकी २,९७० पुड्या जाणार. त्यांच्या फुलांचे २३,७६०, वरचा ठोक खर्च १९,८०० (६ रुपये पक्के धरून), आणि माझे १९,८००. बेरीज ६३,३६०, भागिले २,९७०, म्हणजे पुडी २१ रुपये ३३ पैशांना. महिन्याचे ६४०.

म्हणजे ग्राहकाला मोकळीक द्यायची किंमत महिन्याला ४० रुपये. ६०० आणि रोजची कटकट, की ६४० आणि ‘ताई, उद्यापासून पाच दिवस नको’ एवढा एक मेसेज? मी ६४० घेतले. भाव वाढला म्हणून चार घरे गेली, पण पैशांवरून होणारे वाद जवळपास थांबले. तुम्ही तुमचे आकडे टाकून हाच हिशेब करा. भाव वेगळा येईल, रीत तीच राहील.

ही मोकळीक मोजून द्यावी लागते. मी महिना विकत नाही, ३० पुड्या विकते. पैसे आगाऊ. खाडा झाला की पैसे परत नाहीत, पुडी पुढे सरकते. ३० पुड्या ६० दिवसांत संपवायच्या. याने कॅलेंडरचा वादच उरत नाही, महिना २८ चा की ३१ चा हेही कोणी विचारत नाही. खाड्याचा निरोप आदल्या संध्याकाळी आठच्या आत हवा, कारण किती किलो घ्यायचे ते मी रात्रीच लिहून ठेवते. सकाळी सातला आलेल्या ‘आज नको’ला पुडी धरली जाते. ती बांधून झालेली असते, पिशवीत पडलेली असते, त्यात वाचणारे काहीच नसते. एकच अपवाद, घरात कोणी गेले असेल तर निरोप कधीही आला तरी चालतो, मागच्या तारखेपासून पुड्या पुढे टाकते. अशा वेळी कोणाला आठाच्या आधी फुलवालीला मेसेज करायचे सुचणार?

हे सगळे ठेवायला अ‍ॅप लागत नाही. एका फुलस्केप पानावर डावीकडे घर क्रमांक, वर १ ते ३१ तारखा. पुडी गेली की टिंब, खाडा असेल तर फुली, न सांगितलेला खाडा असेल तर फुलीभोवती गोल. टिंबे आणि गोलातल्या फुल्या मिळून २५ झाल्या की त्या घराला मेसेज जातो : ‘आपल्या ५ पुड्या शिल्लक आहेत.’ त्यासोबत क्यूआर कोड. प्रत्येक घराची तारीख वेगळी येते, त्यामुळे एक तारखेला वसुलीची झुंबड होत नाही. यूपीआय ऑटोपे काहींनी सुचवले. त्यात ठरलेल्या तारखेला पैसे आपोआप येतात, ग्राहकाला आधी सूचना जाते आणि तो त्याच्या अ‍ॅपमधून कधीही ते बंद करू शकतो. सोय चांगली आहे. पण आपली पुड्यांची मोजणी पुढे-मागे सरकते आणि ऑटोपेची तारीख सरकत नाही. गावाला गेलेल्या माणसाचे पैसे कापले गेले की पहिला फोन तुम्हालाच. तुमच्या तीन सोसायट्यांना ते नको.

आता फुलांचा भाव. इथे मी चांगली पोळले आहे, म्हणून सांगते. मी सुरुवात केली ती पितृपक्षात. बाजार थंड होता, फुले उतरलेली, मला वाटले वा, १२ रुपयांत पुडी सहज देता येईल. ४० घरांकडून महिन्याचे पैसे घेऊन मोकळी झाले. पंधरवड्यात घटस्थापना आली. नवरात्रात नऊ दिवस माळ, अष्टमी, मग दसरा. झेंडूचे भाव रोज चढत होते आणि मी १२ रुपयांना बांधलेली! दसऱ्याच्या पहाटे घेतलेल्या झेंडूचा दर मी अजून विसरलेले नाही. तो महिना पदरचे घालून काढला.

त्यामुळे आजचा बाजारभाव बघून पुडीचा भाव काढू नका. तुमच्याकडे वर्षाची वही नसणार, मग वर्तमानपत्रात रविवार-सोमवारी येणारे मार्केट यार्डाचे फूलबाजाराचे भाव मागच्या वर्षभराचे काढा. झेंडू, शेवंती, गुलछडी किलोवर, अ‍ॅस्टर जुडीवर, गुलाब गड्डीवर असे ते दिलेले असतात. श्रावण ते दिवाळी चढ आणि मध्ये पितृपक्षाचा खड्डा, हा आकार लगेच दिसेल. त्याची सरासरी धरा. ज्या वर्षी अधिक मास असतो तेव्हा तो महिनाही चढाचा धरा. २०२३ ला अधिक श्रावण होता, तेव्हा आमच्याकडे जवळजवळ दोन महिने श्रावणच चालला. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, तो मे-जूनमध्ये येतो, म्हणजे एरवी बाजार सुस्त असतो नेमक्या त्याच दिवसांत.

आणि सणाचे दिवस मासिक योजनेतून सरळ बाहेर काढा. दसरा, लक्ष्मीपूजन, गणेश चतुर्थी या दिवशी नेहमीची पुडी जाते, पण हार, तोरण, जास्तीचा झेंडू, २१ दूर्वांच्या जुड्या यांची नोंदणी आठ दिवस आधी, भाव त्या वेळचा, पैसे वेगळे. हे पहिल्याच दिवशी लिहून द्या. सणाच्या आदल्या रात्री सांगितले तर ती अडवणूक वाटते.

पुडीत काय असेल ते लिहून देताना एक चूक टाळा. मी सुरुवातीला ‘रोज ५० ग्रॅम फुले’ असे छापले होते. एका आजोबांनी काटाच आणला. ४३ भरली. त्यांचे बरोबरच होते म्हणा, पण पाऊस पडला की फूल भिजून जड होते आणि उन्हाळ्यात तेच सुकून हलके, वजनाला अर्थ राहत नाही. आता मी लिहिते : मूठभर सुटी हंगामी फुले, एक मोठे फूल, पत्री. कुठले फूल ते बाजार ठरवेल. मात्र काही गोष्टी चुकवायच्या नाहीत, त्या लोकांच्या डोक्यात पक्क्या बसलेल्या असतात. संकष्टीला दूर्वा आणि लाल फूल, सोमवारी बेल, एकादशीला तुळस, शनिवारी मारुतीसाठी रुईची पाने. रोजची शेवंती दोन दिवस मिळाली नाही तर कोणी बोलत नाही. संकष्टीला दूर्वा विसरलात तर दुपारपर्यंत सहा फोन येतात आणि महिनाअखेरीस त्यातले एखादे घर बंद झालेले असते. दाते पंचांग किंवा कालनिर्णय बांधायच्या जागेसमोर लावा, आणि आदल्या रात्रीच्या यादीत उद्या काय आहे ते वर लिहा.

पावसाळ्यात तक्रारी वाढतात त्याही ‘बंद करा’कडेच जातात. भिजून आलेला झेंडू सकाळी छान दिसतो आणि देठाकडून काळा पडायला लागतो. पाकळी ओढून बघायची, मुळाशी ओलसर तपकिरी दिसली तर ती टोपली सोडायची, दोन रुपये जास्त देऊन कोरडा माल घ्यायचा. आणलेली फुले प्लास्टिकमध्ये कोंडू नका, घाम सुटतो. बांबूच्या टोपलीत पसरून वर ओलसर फडके पुरते. पुडीही कागदाचीच. प्रत्येक घराला मी दोन कापडी पिशव्या देते, एक कडीला टांगलेली, एक आत. मुलगा पुडी टाकतो आणि पुढे जातो, बेल वाजवायची नाही.

या पिशवीकडे मुलाला बघायला शिकवा. पिशवीत कालची पुडी तशीच असेल तर दोनच शक्यता, घरात कोणी नाही किंवा पूजा होत नाही. एक दिवस सोडून द्यायचा. दुसऱ्या दिवशीही दोन पुड्या लोंबताना दिसल्या तर तिसरी टाकायची नाही, मला फोन करायचा. मी घरी मेसेज करते : ‘पुड्या तशाच आहेत, थांबवू का?’ नियमाने मी त्या पुड्या धरू शकते, पण दुसरी मी सोडते. गावाहून आल्यावर दाराला आठ वाळलेल्या पुड्या लटकलेल्या बघणारा माणूस त्या दिवशीच बंद करतो, हे मी तीनदा अनुभवले. एकट्या राहणाऱ्या एका आजींची पिशवी अशीच भरलेली दिसली म्हणून शेजारी विचारले, तर त्या पडून दवाखान्यात होत्या. त्यांच्या परदेशातल्या मुलाला शेजाऱ्यांनी कळवले होते, फुलवालीला कोण कळवणार?

वाटपाचे एकच सांगते. घरे जवळजवळ घ्या. माझी पहिली ६० घरे कर्वेनगरपासून बावधनपर्यंत विखुरलेली होती, वाटायला अडीच तास लागायचे. आता ११० घरे तीन मोठ्या सोसायट्यांत आहेत, पावणेदोन तासांत होतात. वरच्या हिशेबातले ठोक ६ रुपये या दाटीमुळे आहेत. तुमच्याकडे तीन सोसायट्या शेजारी आहेत हे फार चांगले, चौथीच्या मोहात एवढ्यात पडू नका. सुरुवातीला २५ घरे असतील तेव्हा पुड्या स्वतः बांधा आणि स्वतः वाटा, कारण तेव्हा ठोक खर्च पुडीमागे ६ मध्ये बसणारच नाही. मे महिन्यात खाडे जास्त, म्हणून बांधणाऱ्या एका बाईला मी भरपगारी नाही पण अर्ध्या पगारी सुट्टी देते. हे तिच्याशी आधीच ठरलेले आहे, तीही गावी जाते.

आता पूर्ण रद्द करणे. ‘एकदा भरले ते भरले’ ठेवू नका. कोणी सोडतो म्हटले की शिल्लक पुड्या मोजायच्या आणि त्यांचे पैसे परत. ११ पुड्या राहिल्या असतील तर २१.३३ गुणिले ११, म्हणजे २३५ रुपये. कारण विचारायचे ते एकदाच, तेही पैसे पाठवून झाल्यावर. आधी विचारले तर अडवल्यासारखे होते. पुढे वेबसाइटवरून नोंदणी घ्यायची असेल तर २०२० चे ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम पाहून ठेवा. विक्रेता स्वतः ऑर्डर रद्द करताना तेवढाच भुर्दंड सोसत नसेल तर ग्राहकाला रद्द करण्याचे शुल्क लावता येत नाही. योजना सुरू करणे सोपे आणि बंद करणे अवघड अशी मांडणीही २०२३ पासून फसव्या प्रकारांत धरलेली आहे.

वार्षिक योजनेत मात्र वाद होऊ शकतो. मी अकरा महिन्यांच्या पैशांत बारा महिने देते, ७,०४० रुपये. कोणी चार महिन्यांनी सोडले तर उरलेल्या आठ महिन्यांचे वार्षिक भावाने पैसे मागतात. पण सवलत वर्षभरासाठी होती. म्हणून पावतीवर उदाहरणच लिहिलेले असते : मध्येच बंद केल्यास वापरलेल्या पुड्या मासिक भावाने धरू. चार महिन्यांचे २,५६० वजा, ४,४८० परत. नियम लिहिला की लोक वाचत नाहीत, आकडा लिहिला की वाचतात.

आणि हे ४,४८० तुमच्याकडे असले पाहिजेत. एका वर्षी पाडव्याला १८ घरांनी वार्षिक पैसे भरले. सव्वा लाखाच्या वर रक्कम एकदम खात्यात, मी त्यातून जुनी स्कूटर आणि फ्रीज घेतला. जूनमध्ये एका इमारतीचे पुनर्विकासाचे काम निघाले, पाच घरे एकदम हलली. पाचांनाही दोन-अडीच महिन्यांचे कापून बाकी परत द्यायचे होते आणि माझ्याकडे नव्हते. दोन हप्त्यांत दिले, त्यातल्या एक काकू ते अजून ऐकवतात. तेव्हापासून आगाऊ पैशांचे वेगळे खाते आहे. दर महिन्याला जेवढ्या पुड्या गेल्या तेवढेच पैसे त्यातून माझ्या खात्यात वळवते. तुम्ही पहिले वर्ष वार्षिक योजना काढूच नका, तुमची खाड्यांची सरासरी किती ते अजून तुम्हाला माहीत नाही.

बंद करणाऱ्या घराच्या शेवटच्या पुडीत मी एक चिठ्ठी टाकते. त्यावर किती पुड्या गेल्या, किती खाडे, किती पैसे परत केले, एवढेच. खाली माझा नंबर. पिशव्या परत मागत नाही. श्रावण जवळ आला की त्यातल्याच काही कड्यांना ती पिशवी पुन्हा टांगलेली दिसते, आणि मेसेज त्यानंतर येतो.